सर्व्हिस कंपनीतून प्रॉडक्ट कंपनीत: तोच रेझ्युमे दुसऱ्या डोळ्यांनी वाचला जातो तेव्हा

सर्व्हिस कंपनीत बनलेला रेझ्युमे खरं तर तुमचा नसतो, कंपनीचा असतो. क्लायंटशी करार होतो तेव्हा रेट कार्ड ठरलेलं असतं: अमुक वर्षांचा जावा डेव्हलपर, ताशी अमुक डॉलर. मग मागणी येते, ‘जावा, स्प्रिंग बूट, एसक्यूएल, 5 ते 7 वर्षं’. रिसोर्स मॅनेजमेंटची माणसं बेंचवरची आणि मोकळी होऊ घातलेली नावं चाळतात, कंपनीच्या साच्यातला प्रोफाइल क्लायंटला पाठवतात. त्या कागदावरच्या प्रत्येक गोष्टीला कारण असतं. वीस तंत्रज्ञानांची यादी असते, कारण उद्या कुठली मागणी येईल सांगता येत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाची ओळ असते ती ऑनसाइटसाठी. सर्टिफिकेटं असतात, कारण क्लाउड कंपन्यांच्या भागीदारीची पायरी टिकवायला ठरावीक संख्येने प्रमाणित माणसं लागतात. आणि ‘डिझाइन, डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगमध्ये सहभाग’ ही ओळ मुद्दाम गुळगुळीत असते, कारण एक माणूस गेला तर त्याच्या जागी दुसरा बसेल याची क्लायंटला खात्री हवी असते.

प्रॉडक्ट कंपनीत तोच कागद मॅनेजरसमोर येतो तेव्हा तिच्याकडे एकच जागा असते. ती मिळवायला तिने बरीच भांडणं केलेली असतात. माणूस टीममध्ये येणार, दोन-तीन वर्षं त्याच कोडवर राहणार, आपण केलेल्या चुकांसोबत आपणच जगणार. त्यामुळे ती कागदात एवढंच शोधते: या माणसाने कधी काही ठरवलं आहे का, आणि त्याचं पुढे काय झालं हे त्याला माहीत आहे का? सर्व्हिसच्या साच्यात ही माहिती शोधून सापडत नाही, कारण तो साचा ती पुसण्यासाठीच बनलेला आहे. वीस तंत्रज्ञानांची यादी तर इथे उलटते, आणि वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘यातलं खरंच किती येतं?’

मी जळगावची, पुण्यात नोकरी करते, आणि अशा मुलाखती घेणाऱ्यांत असते. शिरपूर, बांभोरी, धुळ्याच्या कॉलेजांतून निघून हिंजवडीत लागलेली आपली पोरं-पोरी रेझ्युमे पाठवतात, तेव्हा दहातले आठ अगदी एकसारखे दिसतात. काम मात्र एकसारखं नसतं. म्हणून हा लेख एकाच गोष्टीवर आहे, झालेलं काम कागदावर कसं आणायचं. कोडिंगचे प्रश्न सोडवण्याचा सराव लागतोच, पण तो पुढचा दरवाजा. आधी फोन तर यायला हवा.

आधी खोदकाम, मग लिखाण

उदाहरण माझ्या अमळनेरच्या मावसभावाचं घेते. साडेपाच वर्षं एकाच सर्व्हिस कंपनीत, जावा, क्लायंट अमेरिकेतली आरोग्यविमा कंपनी. रेझ्युमे चार पानी. शेवटी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ अशी घोषणा, खाली स्थळ, दिनांक आणि सहीची जागा. वडिलांचं नाव आणि जन्मतारीखही होती. मी म्हटलं, गोत्र आणि रास तेवढी राहिली, लग्नाचा बायोडेटा तयार आहे.

त्याचा प्रोजेक्ट तिथे असा लिहिलेला: ‘क्लेम प्रोसेसिंग ॲप्लिकेशनच्या विकासात व देखभालीत सहभाग. टीमचा आकार 14. बॅच जॉब्जचे परफॉर्मन्स ट्युनिंग. क्लायंटशी समन्वय.’

‘परफॉर्मन्स ट्युनिंग म्हणजे काय केलंस?’ विचारल्यावर तो म्हणाला, ‘ताई, ते काही मोठं नाही गं. रात्रीचा जॉब स्लो होता, तो फास्ट केला.’

या ‘काही मोठं नाही’खालीच सगळा माल असतो. सर्व्हिसमध्ये वर्षानुवर्षं तिकीट बंद करण्याची सवय लागते आणि तिकीट बंद झालं की ते डोक्यातूनही जातं. म्हणून रेझ्युमेची फाइल उघडण्याआधी एक-दोन शनिवार-रविवार फक्त आठवण्यात घालवा. जुनी जिरा तिकिटं, रिलीज नोट्स, बिघाडानंतर लिहिलेले आरसीए आणि अप्रेझलमध्ये स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर ऑफिसच्या लॅपटॉपवर वाचून काढा. त्यातलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नका, कोडचा तुकडा तर नाहीच. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि बाहेर गेलेला मेल पकडला जातो. वाचून जे लक्षात राहील त्यातलं सांगण्याजोगं तेवढं वहीत उतरवा.

प्रत्येक कामाबद्दल स्वतःला विचारायचं: काय बिघडलं होतं आणि त्याचा त्रास कोणाला होत होता? कोणते मार्ग समोर होते? त्यातला मी कोणता निवडला, दुसरा का सोडला? नंतर कोणता आकडा हलला? ज्या कामाला या सगळ्याची उत्तरं आहेत तेच पहिल्या पानावर जातं. साडेपाच वर्षांत अशी तीन-चार कामं निघाली तरी पुष्कळ झाली.

एक ओळ, पूर्ण उकललेली

मावसभावाचा ‘रात्रीचा जॉब’ असा होता. रोज सुमारे 2 लाख 80 हजार क्लेम रात्री 11ला प्रक्रियेला लागत. पहाटे 5ला निकालाची फाइल पुढच्या सिस्टिमला हवी असे. डेटा वाढत गेला तसा जॉब सहा तासांच्या बराच पुढे रेंगाळू लागला, फाइल उशिरा जाऊ लागली, आणि क्लायंटच्या कॉल सेंटरवर सकाळी लोकांना जुनीच स्थिती सांगितली जाऊ लागली. क्लायंटच्या बाजूने सुचवलेला उपाय होता डेटाबेसचं मोठं मशीन घेण्याचा. त्याच्या लीडनेही मान डोलावली होती.

याने आधी लॉगमध्ये एसक्यूएल मोजले. प्रत्येक क्लेममागे त्यातल्या बाबी आणण्यासाठी वेगळी क्वेरी जात होती. हायबरनेट वापरणाऱ्यांना हा ‘एन प्लस वन’चा जुना रोग ओळखीचा आहे. एका क्वेरीला 20 मिलिसेकंद धरले तरी 2 लाख 80 हजार क्वेरींना 5,600 सेकंद, म्हणजे दीड तासाहून जास्त वेळ नुसता जाण्या-येण्यात. त्याने बाबी क्लेमच्या गटागटाने आणल्या. तेवढ्याने दीड तास वाचला, पण फाइल अजूनही उशिराच.

दुसरं दुखणं लिहिण्यात होतं. प्रत्येक क्लेममागे ऑडिटच्या तक्त्यात चार नोंदी, त्या एकेक करून जात. कोणीतरी पूर्वीच `hibernate.jdbc.batch_size` 50 करून ठेवलं होतं आणि सगळ्यांची समजूत होती की बॅचिंग चालू आहे. प्रत्यक्षात नव्हतं. आयडी `IDENTITY` पद्धतीने बनत असेल तर प्रत्येक नोंद टाकल्याशिवाय तिचा आयडी कळत नाही, म्हणून हायबरनेट अशा नोंदींसाठी बॅचिंग बंद करून टाकतं, आणि तसं तोंडाने सांगतही नाही. डेटाबेस पोस्टग्रेस होता, सीक्वेन्स तिथे आधीपासून होताच. बदल एवढाच:

```java
@Id
@GeneratedValue(strategy = GenerationType.SEQUENCE, generator = "audit_seq")
@SequenceGenerator(name = "audit_seq",
    sequenceName = "claim_audit_id_seq", allocationSize = 50)
private Long id;
```

सोबत डेटाबेसमध्ये त्या सीक्वेन्सची उडी 1 वरून 50 करावी लागली. ती `allocationSize`शी जुळली नाही तर आयडी एकमेकांवर आदळतात. हा बदल क्लायंटच्या डीबीएकडून मंजूर करून घ्यायला कोड लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी जॉब पावणेदोन तासांत संपू लागला आणि मोठं मशीन घेण्याचा विषय बारगळला.

आता ओळ लिहू. रेझ्युमे इंग्रजीतच असतो, आशय इथे मराठीत देते:

‘रोज 2.8 लाख क्लेम हाताळणारा रात्रीचा जॉब सहा तासांहून जास्त वरून पावणेदोन तासांवर आणला. वाचनातल्या सुट्या क्वेरी गटात आणल्या, आयडीची पद्धत बदलून बंद पडलेलं इन्सर्ट बॅचिंग चालू केलं. पहाटे 5ची फाइल वेळेवर जाऊ लागली, डेटाबेसचं प्रस्तावित मोठं मशीन घ्यावं लागलं नाही.’

यात क्लायंटचं नाव नाही, ‘अमेरिकी आरोग्यविमा कंपनी’ एवढं पुरतं. टीमचा आकार नाही. ‘परफॉर्मन्स ट्युनिंग’ हा शब्दही नाही, गरजच उरली नाही. आणि मॅनेजरला हवं होतं ते सगळं आलं: किती मोठं काम, काय तोडगा, का, आणि कोणाला फरक पडला.

ओळ किती ओढता येते

इथे दोन मोह होतात. पहिला आकडे फुगवण्याचा. ‘परफॉर्मन्स 70 टक्क्यांनी सुधारला’ असं वाचलं की मी हमखास विचारते, कशाच्या 70 टक्के, कुठे मोजलं? नुसता टक्का कोणीही लिहितो. आधी इतके तास, नंतर इतके तास असं लिहिलं की मोजल्याचं दिसतं. आकडा नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा, त्याने काही बिघडत नाही.

दुसरा मोह टीमचं काम स्वतःच्या नावावर लावण्याचा. हा मुलाखतीत दोन-तीन प्रश्नांतच उघडा पडतो. वरच्याच ओळीवर मी काय विचारेन पाहा: बॅचिंग बंद आहे हे कळलं कसं? बाकीच्या तक्त्यांवर तीच पद्धत का नाही लावली? मधेच जॉब पडला तर अर्धवट गेलेल्या गटाचं काय? ज्याने केलं आहे तो शेवटच्या प्रश्नाला थबकेल, पण ‘तेव्हा आम्ही पूर्ण गट परत चालवायचो, आज केलं असतं तर अमुक केलं असतं’ असं काहीतरी सांगेल. ज्याने शेजारच्या टेबलावर बसून पाहिलं तो पहिल्यालाच अडकतो. म्हणून प्रत्येक ओळीखाली मित्राकडून तीनदा ‘का?’ विचारून घ्या. तिसऱ्या ‘का’ला उत्तर नसेल तर ओळ खाली आणा किंवा काढा.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे, आणि ती उलट्या बाजूची. ‘मी केलं’ म्हणायला आपली माणसं लाजतात, ‘आम्ही केलं’ म्हणतात. घरी ते शोभतं. मुलाखतीत समोरच्याला ‘आम्ही’मधले तुम्ही कोण हेच कळत नाही. निदान मी आणि डीबीए असं फोडून तरी सांगावं.

उरलेला कागद

सात-आठ वर्षांच्या अनुभवापर्यंत एक पान पुरतं, फार तर दोन. वर नाव, शहर, फोन, मेल. मग अनुभव, अलीकडचा आधी. तंत्रज्ञानांची यादी दोन ओळींची ठेवा, आणि त्यात जे आहे ते खाली कुठल्यातरी कामात दिसलंच पाहिजे. मावसभावाच्या यादीत अँग्युलर होतं, कारण सहा महिने एका स्क्रीनवरची बटणं बदलली होती. ते काढलं तेव्हा त्याचा जीव कासावीस झाला. पण अँग्युलर ठेवलं तर प्रश्न अँग्युलरवर येणार. सर्टिफिकेट एखादं असू द्या, तळाला. घोषणा, सही, वडिलांचं नाव, पासपोर्ट, छंद हे सगळं काढा.

कंपनीच्या साच्यातली तक्ते आणि चौकटींची मांडणी तर सोडाच. अर्ज ज्या सॉफ्टवेअरमध्ये जातो ते मजकूर उचलून घेतं, आणि दोन रकान्यांची मांडणी असेल तर ओळी एकमेकींत मिसळतात. तपासायची सोपी रीत म्हणजे पीडीएफ उघडायची, सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचं. तिथे क्रमाने वाचता आलं तर ठीक. ‘एटीएस स्कोअर’ विकणाऱ्या साइट्सना पैसे देऊ नका, त्यांचा स्कोअर समोरच्या कंपनीला दिसत नाही.

सपोर्टवाल्यांसाठी दोन शब्द, कारण आपल्यातले पुष्कळजण तिथेच आहेत. ‘महिन्याला 120 तिकिटं एसएलएमध्ये बंद’ ही ओळ प्रॉडक्ट कंपनीत तुमच्याविरुद्ध जाते. त्यातून हेच दिसतं की तीच 120 तिकिटं दर महिन्याला परत येत होती. याउलट ‘वारंवार येणारं अमुक तिकीट मुळापासून बंद केलं, त्यासाठी हा बदल केला’ अशी एकही ओळ असेल तर ती डेव्हलपमेंटच्या चार ओळींना भारी पडते. चालू सिस्टिम मोडताना पाहिलेली माणसं प्रॉडक्ट टीमला हवीच असतात. अशी ओळ नसेल तर अर्ज करण्याची घाई नको. आहे त्याच प्रोजेक्टमध्ये दोन-तीन महिने काढून असं एक तिकीट शोधा आणि संपवा. घरी बसून बनवलेल्या टू-डू ॲपपेक्षा त्याला किंमत आहे.

कुठे पाठवायचा

जाहिरातीत दहा-बारा अपेक्षा असतात, पण टीमला खरी नड एक-दोन गोष्टींचीच असते, आणि ती बहुधा ‘तुम्ही काय कराल’ या भागात पहिल्या दोन ओळींत असते. तुमची सगळ्यात भक्कम ओळ त्या नडीला भिडत असेल तर अर्ज करा, आणि ती ओळ वर आणा. मावसभावाची ताकद मोठ्या डेटाचे रात्रीचे जॉब आणि विम्याची समज. म्हणून मी त्याला खाण्याच्या ॲपवाल्या कंपन्यांमागे लागू नको म्हटलं. विमा, आरोग्य किंवा पैशांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे त्याच्या पाच वर्षांतली जवळजवळ सगळीच उपयोगाची, इतरत्र निम्मी वाया.

परदेशी कंपन्यांनी इथे काढलेली स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, हाही रस्ता आहे. तिथे काम त्याच कंपनीच्या मालकीच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि सर्व्हिसमधून आलेल्यांकडे कमी नाक मुरडलं जातं. मात्र काही केंद्रांत निर्णय सगळे तिकडे आणि इथे नुसती अंमलबजावणी, असंही असतं. मुलाखतीत सरळ विचारा, ‘गेल्या तिमाहीत इथल्या टीमने स्वतःहून काय ठरवलं?’ उत्तर द्यायला वेळ लागला तर ओळखून घ्या.

ओळखीने अर्ज गेला तर कागद निदान वाचला जातो. पण ओळखीच्याला ‘माझा रेझ्युमे टाक ना’ एवढंच म्हणू नका. जाहिरातीची लिंक आणि तुम्ही तिथे का बसता याच्या तीन ओळी लिहून द्या, तो त्याच पुढे पाठवेल. जळगाव-भुसावळच्या माणसाला गाववाल्यासाठी एवढं करायला जड जात नाही, पण तीन ओळी शोधायला लावल्या तर तो उद्यावर टाकतो.

पायरी आणि नोटीस

प्रॉडक्ट कंपनी वर्षं मोजून पायरी देत नाही. सर्व्हिसमधला ‘टीम लीड’ इथे पुष्कळदा सॉफ्टवेअर इंजिनिअर 2 म्हणून येतो, कधी त्याखालीही. हातात हुद्दा कमी आणि पगार जास्त असं चित्र घरी समजावणं अवघड जातं. मावशीने मावसभावाला विचारलंच, ‘इतला वरीस नोकरी करी, आते आखो परीक्षा देवानी?’ हुद्द्यावर अडू नये, पण पायरी कोणती ते ऑफरच्या आधी लेखी विचारून घ्यावं, आणि त्या पायरीवर दोन वर्षांनी काय अपेक्षित असतं तेही. रेझ्युमेवर ‘14 जणांचं नेतृत्व’ लिहून वरची पायरी मिळवायला गेलात तर सिस्टिम डिझाइनची फेरी त्या पायरीची होते आणि तिथे काम अडतं.

शेवटचा फोनवरचा प्रश्न नोटीसचा. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत ती बहुधा 90 दिवसांची असते. मोठ्या प्रॉडक्ट कंपन्या थांबतात, छोट्या स्टार्टअप बहुतेक थांबत नाहीत. पैसे भरून नोटीस कमी करणं तुमच्या हातात नसतं, ते कंपनीच्या मर्जीवर आणि प्रोजेक्टवर असतं, म्हणून ‘30 दिवसांत येतो’ असं मॅनेजरशी बोलल्याशिवाय कबूल करू नका. बरेचजण आधी राजीनामा टाकतात आणि नोटीसमध्ये शोधतात. त्याने फोन जास्त येतात हे खरं. पण घराचा हप्ता चालू असेल आणि जळगावला पैसे पाठवायचे असतील तर ऑफर हातात येईपर्यंत थांबलेलं बरं. नियुक्तीपत्रात नोटीसची जी ओळ आहे ती रिक्रूटरच्या पहिल्या फोनआधीच काढून वाचा. शिल्लक रजा नोटीसमध्ये धरली जाते की नाही, तेही त्याच ओळीच्या आसपास लिहिलेलं सापडतं.